स्वनातीत: या शब्दात आकडा नाही

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): ‘स्वनातीत म्हणजे ताशी १२३५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग, असं पोराच्या पुस्तकात आहे. वर हवा विरळ असल्यामुळे तिथं हा आकडा कमी होतो, असं शेजारचे सर म्हणतात. मग शब्दाचा नेमका अर्थ काय धरायचा?’

१२३५ हा आकडा २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेपुरता खरा आहे. माख म्हणजे वेग तिथल्या ध्वनीच्या वेगाच्या किती पट, पण बातम्यांत सर्रास ‘माख २ म्हणजे ताशी २४७० किलोमीटर’ असे छापतात. विमान कुठल्या उंचीवर होते हे कुणी विचारत नाही, आणि तो आकडा बहुतेक वेळा चुकतो.

शब्द मात्र बिनचूक आहे. ‘स्वन’ संस्कृत ‘स्वन्’ धातूचा, अर्थ आवाज करणे. लॅटिन ‘सोनस’ त्याच मूळ धातूचा भाऊ आहे, म्हणजे ‘सुपरसॉनिक’मधला ‘सॉनिक’ आणि आपला ‘स्वन’ एकाच घरचे. हा योग मला फार प्रिय आहे. ‘अतीत’ म्हणजे अति अधिक इत, ओलांडून गेलेला. कशाला ओलांडून? विमान जिथे आहे तिथल्या हवेतल्या ध्वनीला. हिंदीतून आलेला ‘पराध्वनिक’ वापरणाऱ्यांशी माझे भांडण एवढ्यासाठीच आहे की ‘परा’मध्ये ‘पलीकडे’ आहे, पण ‘ओलांडून गेला’ ही क्रिया नाही. इथे सगळा मुद्दा क्रियेचाच आहे.

सरांचे कारण चुकीचे आहे. वेग कमी होतो तो हवा विरळ असल्याने नव्हे, गार असल्याने. ध्वनी म्हणजे रेणूंनी एकमेकांना पुढे दिलेला धक्का, आणि रेणू ज्या वेगाने धावतात त्याहून फार वेगाने तो पुढे जाऊ शकत नाही. रेणूंचा सरासरी वेग तापमानाच्या वर्गमुळाबरोबर बदलतो. तापमान तेच ठेवून हवा विरळ केली तर दाब आणि घनता एकाच प्रमाणात उतरतात, आणि ध्वनीचा वेग त्या दोघांच्या गुणोत्तरावर ठरत असल्याने जागचा हलत नाही. प्रमाण वातावरणात ११ ते २० किलोमीटर उंचीपर्यंत तापमान उणे ५६.५ अंशांवर स्थिर राहते. या पट्ट्यात घनता जवळजवळ चौथाईवर येते, तरी ध्वनीचा वेग सेकंदाला २९५ मीटर, म्हणजे ताशी १०६२ किलोमीटर, तोच राहतो.

हिशेब सोपा आहे: तापमानात २७३ मिळवा, वर्गमूळ काढा, २०.०५ ने गुणा. उत्तर मीटर प्रति सेकंदात येते. कोल्हापुरात मे महिन्याच्या ३८ अंशांच्या दुपारी ते सुमारे ३५४ येते, म्हणजे ताशी १२७३ किलोमीटर.

आता १४ ऑक्टोबर १९४७ पाहा. चक येगर यांनी बेल एक्स-१ हे विमान सुमारे १३ किलोमीटर उंचीवर माख १.०६ ला नेले. वेग होता ताशी सुमारे ११२७ किलोमीटर. पुस्तकातली व्याख्या खरी धरली तर तो स्वनातीत ठरतच नाही! तिथला ध्वनी १०६२ ने चालत होता म्हणून ठरतो. उलट १९९७ मध्ये थ्रस्ट एसएससी ही मोटार वाळवंटात जमिनीवर ताशी १२२८ ने धावली आणि स्वनातीत ठरली. तोच वेग आपल्या मेच्या दुपारी माख ०.९६ एवढाच भरला असता.

वैमानिकाला म्हणूनच किलोमीटरपेक्षा माख अंक महत्त्वाचा. पंखाच्या फुगीर पाठीवरून हवा विमानापेक्षा जलद सरकते. त्यामुळे विमान माख १ च्या आत असतानाच तिथली हवा ध्वनीला गाठते, आघाततरंग उठतो, त्यामागे प्रवाह पंखापासून सुटतो, विमान थरथरते आणि काही विमानांचे नाक खाली झुकते. हे सारे माख अंकावर ठरते. माख ०.७८ ने उडणारे प्रवासी विमान ११ किलोमीटरवर ताशी ८२८ किलोमीटरने जाते. बाहेरची हवा १० अंशांनी उबदार असेल, तर त्याच माखला ८४७ ने जाईल आणि पंखाला फरक जाणवणार नाही.

यातली सुंदर गोष्ट अशी की माखमापकाला तापमान लागतच नाही. विमानाच्या समोर तोंड असलेल्या नळीत अडलेल्या हवेचा वाढीव दाब आणि बाहेरचा स्थिर दाब, या दोन्हींच्या गुणोत्तरातूनच माख अंक निघतो. तापमान लागते ते त्यावरून खरा वेग काढताना, आणि तिथेच फसगत होते. माख ०.७८ ला तापमापीवर आदळून अडलेली हवा दाबली जाऊन तापते. बाहेर उणे ५६.५ असताना तापमापी उणे ३० च्या आसपास दाखवते. तोच आकडा सूत्रात घातला तर ध्वनीचा वेग ताशी साठेक किलोमीटरने जास्त येतो, म्हणून आधी केल्विनमधले ते तापमान (१ + ०.२ × माखचा वर्ग) या संख्येने भागून घ्यावे लागते.