ताम्हिणीत रेंज गेली तरी रस्ता सापडायला हवा

प्रश्न: पुण्याचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घेतला होता. तरीही ताम्हिणी ओलांडल्यावर दिवेआगरचा रस्ता दाखवेना. असं का?

कारण त्या चौकटीत पुणे होतं, दिवेआगर नव्हतं. नेट नसताना गूगल मॅप्स रस्ता काढतं ते फक्त उतरवलेल्या भागापुरतं. निघायची जागा, पोहोचायची जागा आणि मधला सगळा रस्ता त्यात बसला पाहिजे. चांदणी चौकातून निघताना नेट होतं, म्हणून रस्ता एकदा दिसला आणि घाटापर्यंत टिकला. वाट चुकली किंवा चहाला थांबून अ‍ॅप बंद केलं, की नवा रस्ता काढायची वेळ येते आणि तिथेच गाडी अडते.

घरच्या वायफायवर अ‍ॅप उघडा, वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर टिचकी मारा, Offline maps मध्ये जाऊन Select your own map निवडा. चौकट डावीकडे समुद्रात शिरेपर्यंत सरकवा, खाली हरिहरेश्वर आणि उजवीकडे पुणे आत घ्या. मुळशी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन सगळं त्यात येतं. पूर्व-पश्चिम हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही भरत नाही, त्यामुळे चौकट मोठी झाली म्हणून अ‍ॅप कुरकुरत नाही. किती एमबी लागतील ते खाली दिसतं. मग Download.

आता परीक्षा. फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते पाहा आणि घरातूनच दिवेआगरचा रस्ता मागा. आला तर ठीक, नाही आला तर चौकट पुन्हा ओढा. या नकाशांना मुदतही असते. जुना नकाशा असेल तर निघायच्या आदल्या रात्री त्याच यादीतून अपडेट करून घ्या.

प्रश्न: नेटच नाही, तर जीपीएस कसं चालणार?

चालतं. जीपीएसला मोबाइलचा टॉवर लागत नाही, फोन उपग्रहांचे संदेश थेट ऐकतो. नेट असलं तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला आयती मिळते आणि ठिपका लगेच जागेवर बसतो. नेट नसलं तर तीच माहिती उपग्रहाकडून ऐकावी लागते. तिला साधारण अर्धा मिनिट लागतं, तेही आकाश मोकळं असेल तर. घाटात एका बाजूला कडा आणि वर झाडी असली की ऐकणं मधेच तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून पुण्यात निघतानाच नकाशा सुरू करा आणि घाट उतरेपर्यंत चालूच ठेवा. फोन मांडीवर नको, पुढच्या काचेजवळ हवा. ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ मोठं दिसलं, तर फोन अंदाजाने बोलतोय असं समजा आणि त्या क्षणी फाट्यावर वळू नका.

प्रश्न: दोन गाड्या आहेत, मागच्या गाडीत आई-बाबा. रेंज नसताना एकमेकांना कसं शोधायचं?

लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका. रेंज गेली की ते शेवटच्या जागी गोठतं आणि मागची गाडी तिथेच उभी आहे असं वाटत राहतं. त्यापेक्षा थांबायच्या तीन-चार जागा आधीच ठरवा आणि त्या दोन्ही फोनमध्ये घाला. दुसरा नकाशा म्हणून ऑर्गॅनिक मॅप्स घ्या: फुकट आहे, जाहिराती नाहीत. त्यात खूण केलेल्या जागांची फाइल करून ती दुसऱ्या फोनला पाठवता येते. हेही पुण्यातच उरका.

आकडे पाठवणार असाल तर दशांशात पाठवा, आधी अक्षांश मग रेखांश. `18.17, 72.99` टाकलं तर दिवेआगरच्या आसपास पोहोचाल, पण दोन दशांश स्थळं म्हणजे किलोमीटरभराची चूक. घराच्या फाटकापर्यंत जायचं तर पाच स्थळं हवीत. आकडे उलटे टाकलेत तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो, तेव्हा निदान चूक लगेच कळते!

प्रश्न: हरिहरेश्वरहून वेळासला जायचं आहे. नकाशा फेरीबोट दाखवतो. भरवसा ठेवावा?

बागमांडला–वेशवी फेरी खरीच आहे, गाड्याही नेते. पण उतरवलेल्या नकाशाला आज बोट चालू आहे का, रांग किती आहे, हे कळत नाही. जेट्टीवरचं थांबणं वेळेत धरलेलं नसतं. आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी वेळ विचारा आणि फेरी टाळून जाणारा रस्ताही एकदा काढून पाहा: पर्यायांत Avoid ferries सुरू केलं की खाडीला वळसा घालणारा रस्ता दिसतो. हे नेट असताना करा, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पावसाळ्यात दरड पडून घाट बंद झाला तरी नकाशाला पत्ता नसतो. पौडला रेंज असते, तिथे थांबून एक फोन करावा.