आजीचं कपाळ कसं होतं?

"मॅडम, पेशंट माझ्या डोळ्यांसमोर गेली. शेवटी घशातून घरघर येत होती, तिची मुलगी सारखी विचारत होती की आईला त्रास होतोय का, आणि मी म्हटलं, नाही होत. मला खरंच काही माहीत नव्हतं. मी खोटं बोलले ना? आणि नंतर त्यांच्यासमोरच रडले. मला नर्सिंग जमेल का?"

असं विचारणारी ही मुलगी इंदूरचीच, बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मेडिकल वॉर्डात पोस्टिंग चालू असलेली. ओळख पटेल असं सगळं मी बदललंय आणि लिहायच्या आधी तिला विचारलंय. लिहावंसं वाटलं कारण मी समुपदेशनाचं काम करते आणि गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न माझ्याकडे इतक्या जणींनी आणलाय की आता मुलगी दारातून आत आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली की मला अंदाज येतो. पहिला मृत्यू बघितलेला असतो, पण झोप उडवणारी गोष्ट मृत्यू नसते, त्या वेळी आपल्या तोंडून गेलेलं किंवा न गेलेलं एखादं वाक्य असतं.

पहिल्या दोन भेटी मी फक्त ऐकलं. पेशंट पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी, कॅन्सर पोटभर पसरलेला, घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून व्हेंटिलेटर नको असं आधीच ठरवलेलं. वॉर्डात सगळा कारभार हिंदीतून, पण आजी आणि त्यांची मुलगी मराठी, राजवाड्याच्या बाजूला जुनं घर, त्यामुळे ही मराठी बोलते कळल्यापासून आजींची मुलगी, म्हणजे काकू, हिलाच हाका मारायच्या. त्या दिवशी सकाळी आठला ड्युटी सुरू झाली तेव्हाच श्वास बदललेला होता, म्हणजे चारपाच श्वास भराभर आणि मग एकदम काहीच नाही, वीस सेकंद, पुढेपुढे तीस, आणि परत सुरू. इन्चार्ज सिस्टरनी हिला सांगितलं तू इथेच थांब. दुपारी एकच्या सुमाराला सगळं थांबलं, डॉक्टर आले, ईसीजीची पट्टी काढली, सरळ रेघ, वेळ लिहिली. आणि पंधरा मिनिटांत कुणीतरी हिला म्हणालं की आता सात नंबरचं बीपी घेऊन ये. ती गेली, बीपी घेतलं, आकडा लिहिला, आणि तो आकडा काय होता हे तिला तेव्हाही आठवलं नाही आणि आजही आठवत नाही.

बोलताना तिचा अंगठा सारखा युनिफॉर्मला लावलेल्या त्या छोट्या घड्याळाच्या काचेवर फिरत होता. श्वास मोजायला तेच घड्याळ वापरलेलं.

आता त्या घरघरीबद्दल, कारण पोरींच्या डोक्यात तो आवाज महिनोन्महिने वाजत राहतो आणि कॉलेजात त्यावर एखादी ओळ शिकवलेली असते. माणूस शेवटाला आला की गिळण्याची आणि खोकण्याची ताकद जाते, नेहमीचीच लाळ आणि कफ घशात साचून राहतो आणि श्वास त्यातून ये-जा करतो, म्हणून आवाज येतो. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस बुडतोय. पण तोवर पेशंट बहुतेक वेळा शुद्धीत नसतो आणि त्या आवाजाचा छळ जवळ बसलेल्यांना जास्त होतो. करायचं काय, तर कुशीवर वळवायचं, डोकं जरा उंच, तोंड ओल्या गॉजने पुसत राहायचं. घशात खोलवर सक्शनची नळी घातली तर आवाज फार वेळ थांबत नाही आणि त्रास मात्र होतो. डॉक्टर औषध देतात तेव्हा ते पुढे तयार होणारी लाळ कमी करतं, आधी साचलेली जात नाही. हे मला हॉस्पिटलात आयुष्य घालवलेल्या एका सिस्टरनी समजावलं, आणि तेव्हापासून अशी मुलगी आली की मी आधी हे सांगते, कारण माझा अनुभव असा की चुकीच्या माहितीवर उभा राहिलेला अपराधीपणा नुसत्या मायेने उतरत नाही.

तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सिस्टर सक्शन नको म्हणाल्या ते बरोबर होतं." खांदे थोडे खाली आले. पण लगेच, "पण मला तेव्हा हे माहीत नव्हतं ना. मी अंदाजाने बोलले. खोटंच ते."

तिसऱ्या भेटीत मी ठरवलं की त्या वाक्याच्या आधीच्या एका मिनिटात जायचं. माझी कामाची पद्धत विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे, म्हणजे माणूस घटनेने जेवढा मोडतो त्याहून जास्त त्या घटनेबद्दल स्वतःला जे ठणकावून सांगतो त्याने मोडतो असं मी मानते, आणि ते स्वतःला सांगितलेलं वाक्य पुराव्याला टिकतं का हे बघायचं असतं. मग पुरावाच मागितला.

"काकूंनी विचारलं तेव्हा तू कुठे उभी होतीस?"

"उशाशी. डाव्या बाजूला."

"कशाकडे बघत होतीस?"

"आजींकडे."

"आजींचं कपाळ कसं होतं?"

ती थांबली. अंगठा घड्याळावरच थांबला. मी काहीही बोलले नाही, आणि ते न बोलणं मला इतक्या वर्षांनीही सोपं जात नाही.

"सपाट होतं," ती म्हणाली. "आठी नव्हती. सकाळी कूस बदलताना आठी पडली होती, तेव्हा मी सिस्टरना सांगितलं, मग त्यांनी डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दिलं. नंतर नाही पडली."

"आणि हात?"

"मोकळे होते. मूठ नव्हती. एक हात काकूंच्या हातात होता." मग माझ्याकडे न बघता, हळूच, "मी बघत होते, मॅडम. मी सकाळपासून तेच बघत होते."

मग ती खूप रडली, पण हे रडणं वेगळं होतं. मला त्या मिनिटाचा आनंद झाला हे लपवत नाही. तिने जो अंदाज म्हटला होता तो पाच तासांच्या निरीक्षणातून आलेला होता. जो पेशंट बोलू शकत नाही त्याचा त्रास नर्सेस असाच ओळखतात, कपाळावरच्या आठ्या, दात आवळणं, कण्हणं, मुठी, अंगाची तगमग, हात लावल्यावर आखडणं. ती हे सगळं तपासत होती, फक्त आपण तपासतोय हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पण तिला तिथेच सोडून देणं मला पटलं नसतं. कारण "त्रास होत नाहीये" या वाक्यात खोट नव्हती तरी थोडं जास्तीचं होतं. दुसऱ्याच्या आत काय चाललंय हे शंभर टक्के कुणालाच कळत नाही, मोठ्या डॉक्टरांनाही नाही. म्हणून आम्ही दोघींनी मिळून ते वाक्य पुन्हा बांधलं. "काकू, हा आवाज घशातल्या लाळेचा आहे, ती गिळता येत नाहीये म्हणून येतोय. कपाळावर आठी नाही, हात मोकळा आहे, मला त्रासाची खूण दिसत नाहीये. दिसली तर मी लगेच सिस्टरना बोलावते, तुम्हाला दिसली तर तुम्ही मला सांगा." तिने ते दोनतीनदा म्हणून बघितलं आणि म्हणाली, यात काकूंनाही काम मिळतं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं. नातेवाइकांना बघत बसण्यापेक्षा बघण्याचं काम दिलं की त्यांचे हात थरथरायचे कमी होतात.

तसं काम तिने त्या दिवशी आपणहून दिलंही होतं, फक्त आठवणीतून गळलं होतं. काकूंना आईच्या तोंडात गंगाजल घालायचं होतं आणि चमचा त्यांनी भरलासुद्धा होता. गिळता येत नसताना पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं. हिने सिस्टरना विचारून गॉजचा बोळा गंगाजलात भिजवला, पिळला, आणि काकूंच्या हाताने आजींच्या ओठांवरून फिरवला, तुळशीचं पान ओठावर ठेवलं. आणि काकूंना म्हणाली की बोला त्यांच्याशी, ऐकू येत असेल. काकू आईशी कोकिळाव्रताबद्दल बोलत बसल्या.

डॉक्टर आल्यावर काय झालं तेही सांगते, कारण इथे बऱ्याच मुली गोंधळतात. डॉक्टर म्हणाले, "हमने पूरी कोशिश की," आणि निघाले. काकू हिला विचारतात, "म्हणजे आता आयसीयूत नेणार का?" मृत्यू जाहीर करणं डॉक्टरांचं काम, विद्यार्थिनीने ते आधी करायचं नाही, कारणही सांगायचं नाही. पण डॉक्टरांनी वेळ लिहून झाल्यावर आणि घरच्यांना समजलं नसेल तर शब्द गोल फिरवण्यात अर्थ नसतो. ही म्हणाली, "काकू, आजी गेल्या." खुर्ची ओढली, त्यांना बसवलं, स्वतः शेजारी वाकून राहिली. तिला वाटत होतं आपण कठोर बोललो. मी म्हटलं, तू त्यांना आयसीयूची वाट बघत बसू दिलं नाहीस.

नंतर सिस्टरबरोबर आजींना नीट करताना, नळ्या काढून कुशीवर वळवलं तेव्हा छातीतून सुस्कारा आला, आणि ही किंचाळता किंचाळता राहिली. वळवताना छातीतली उरलेली हवा बाहेर पडते, श्वास परत आलेला नसतो. पडद्याबाहेर नातेवाईक असतात म्हणून हे आधी माहीत हवंच, नाहीतर एका "अरे!"ने बाहेर आशा उभी राहते.

राहिलं रडणं. डोळ्यांत पाणी आलं आणि हात काम करत राहिले तर मला त्यात काहीच गैर दिसत नाही. कोण कुणाला सांभाळतंय एवढं बघावं. घरचे आपल्याला पाणी द्यायला लागले की सिस्टरना सांगून पाच मिनिटं बाहेर जायचं आणि परत यायचं. ती तेच करून परत आली होती. "रडू आलं" ही घडलेली गोष्ट आहे, "म्हणून मी नालायक" हे आपण वरून जोडलेलं असतं, आणि जोडलेलं काढता येतं. तिची झोप तीन आठवड्यांत जागेवर आली. महिना उलटूनही तोच आवाज, तेच दृश्य सुटत नसेल, वॉर्ड टाळावासा वाटत असेल, तर मी थांबत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.

दीडेक महिन्याने तिचा मेसेज आला, रात्री उशिरा. दुसरा वॉर्ड, दुसरे पेशंट, परत तोच आवाज, आणि मुलाने तेच विचारलं. "मी खुर्ची आणली मॅडम, आणि म्हटलं, दादा, या इथे, आपण बाबांच्या कपाळाकडे बघू."