दूध संकलनाच्या शीटमधल्या रिकाम्या जागा आणि डबल नोंदी

प्रश्न: गावातल्या दूध संकलन केंद्राची दोन वर्षांची एक्सेल शीट आहे. उद्या किती लिटर आणि किती फॅटचं दूध येईल याचं मॉडेल करायचंय. रिकाम्या जागी सरासरी भरली आणि Remove Duplicates मारलं तर चालेल ना?

उत्तर: नाही, असं थेट करू नका. दोन्ही बटणं दाबून शीट स्वच्छ दिसेल, पण त्यातली खरी माहिती बिघडेल. मूळ शीट तशीच ठेवा आणि प्रतीवर काम करा.

तुमच्या शीटमध्ये A तारीख, B सकाळ/संध्याकाळ, C सभासद क्रमांक, D गाय/म्हैस, E लिटर, F फॅट असं आहे असं धरतो.

आधी तारखा बघा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर 03/04/2024 म्हणजे 3 एप्रिल, पण एक्सेल ते 4 मार्च समजतं आणि काही बोलत नाही. 13/04/2024 मात्र त्याला तारीख वाटतच नाही, ते मजकूर म्हणून पडून राहतं. म्हणून एका रिकाम्या कॉलममध्ये `=ISNUMBER(A2)` लावा. FALSE फक्त 13 तारखेपासून पुढच्या दिवसांना येत असेल, तर 1 ते 12 तारखांचे दिवस-महिने उलटले आहेत हे नक्की समजा. फाइल पुन्हा आयात करून तारखेचा क्रम DMY द्या. ‘सकाळ’च्या मागे राहिलेली मोकळी जागा TRIM ने जाते, पण सॉफ्टवेअरमधून आलेली न तुटणारी स्पेस त्याने जात नाही. त्यासाठी:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "))
```

आता डबल नोंदी. काही उडवण्याआधी मोजा:

```
=COUNTIFS(A:A,A2,B:B,B2,C:C,C2,D:D,D2)
```

B आणि D दोन्ही यात हवेतच. एकच सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, शिवाय गायीचं वेगळं आणि म्हशीचं वेगळं घालतो. दिवसाच्या त्या चारही ओळी खऱ्या आहेत. उत्तर 2 किंवा जास्त आलं की त्या ओळी शेजारी ठेवून वाचा. लिटर आणि फॅटसकट सगळं तंतोतंत सारखं असेल तर बहुधा फाइल दोनदा आयात झाली आहे, एक ओळ काढा. लिटर वेगळे असतील, समजा एका ओळीत 62 आणि दुसरीत 6.2, तर दशांश चिन्ह राहून गेलं आणि नंतर दुरुस्त नोंद झाली. इथे फक्त A ते D कॉलम निवडून Remove Duplicates मारलं तर घात होतो: ते वरची ओळ ठेवतं आणि खालची, म्हणजे दुरुस्त केलेली, उडवतं. दोन्ही आकडे शक्य वाटत असतील, 6.2 आणि 3.5, तर सभासदाने दुसरी किटली नंतर आणली असेल. तिथे बेरीज करायची. पावती क्रमांक किंवा वेळ असेल तर त्यावरून ठरवा.

रिकाम्या जागांना सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण प्रत्येक रिकाम्या जागेचं कारण वेगळं असतं. एकाच सभासदाचे लिटर कित्येक आठवडे रिकामे असतील तर म्हैस आटली असणार. तिथे 0 हेच खरं. एका पाळीला सगळेच सभासद रिकामे असतील तर केंद्र बंद होतं किंवा नोंद हरवली. केंद्राच्या वहीत बघा. नोंद हरवली असेल तर 0 लिहू नका, नाहीतर मॉडेल त्या दिवशी दूध आटलं असं शिकेल. ज्याचा अंदाज काढायचा तोच आकडा हरवला असेल, तर ती पाळी प्रशिक्षणातून वगळा.

लिटर आहेत आणि फॅट रिकामी किंवा 0, म्हणजे लाइट गेली होती किंवा ॲनालायझर बंद होता. फॅट 0 चं दूध नसतं, म्हणून तिथला 0 सुद्धा रिकामी जागाच धरा. इथे सरासरी का नको ते बघा: गायीचं दूध साधारण 3.5 ते 4 फॅटचं, म्हशीचं 6 ते 7. सगळ्या कॉलमची सरासरी 5 च्या आसपास येते, आणि ती ना गायीची ना म्हशीची. त्याऐवजी त्याच सभासदाच्या, त्याच जनावराच्या मागच्या सात दिवसांतला मध्यक घ्या. सूत्र F मध्ये नको, एका रिकाम्या कॉलममध्ये लावा:

```
=MEDIAN(IF(($C$2:$C$5000=C2)*($D$2:$D$5000=D2)
*($A$2:$A$5000<A2)*($A$2:$A$5000>=A2-7)
*($F$2:$F$5000>0),$F$2:$F$5000))
```

5000 च्या जागी तुमची शेवटची ओळ घाला. जुन्या एक्सेलमध्ये Ctrl+Shift+Enter दाबावं लागतं. `<A2` मुद्दाम आहे. पुढच्या दिवसांचे आकडे वापरून भरलंत तर मॉडेल चाचणीत हुशार दिसेल आणि प्रत्यक्षात चुकेल, कारण उद्याची फॅट आज कोणाकडेच नसते. #NUM! आलं तर आठवडाभरात एकही वाचन नाही. ती जागा रिकामीच ठेवा. भरलेल्या प्रत्येक ओळीपुढे ‘फॅट भरली’ या कॉलममध्ये 1 लिहा, म्हणजे मोजलेला आकडा कुठला आणि अंदाजाचा कुठला हे मॉडेलला आणि तुम्हालाही कळेल.

गाय/म्हैस हा कॉलमच नसेल तर आधी सभासद यादीवरून तो VLOOKUP ने आणा. पण ज्यांच्याकडे दोन्ही जनावरं आहेत त्यांचं यादीवरून कळणार नाही, तिथे केंद्रावरच्या माणसाला विचारण्याला पर्याय नाही.