पाश्चात्त्य कुंडलीतला कायरॉन आणि लघुग्रह काय सांगतात?

"जन्म १९७५, ठाणे. वेबसाइटवर काढलेल्या पाश्चात्त्य कुंडलीत कायरॉन मेषेत, सातव्या घरात आहे. शिवाय सेरेस, पॅलस, जुनो, वेस्टा. हे काय दर्शवतात?"

कायरॉन हा सूर्याभोवती फिरणारा एक छोटा खगोलीय पिंड. तो म्हणजे सहजी न भरणारी जखम आणि तिच्यातूनच येणारी दुसऱ्याला सावरण्याची ताकद, असं पाश्चात्त्य ज्योतिषी मानतात. ग्रीक कथेतला कायरॉन मोठा वैद्य होता, पण विषारी बाणाची स्वतःची जखम त्याला बरी करता आली नाही. अर्थ तिथूनच आला. बाकीच्यांत सेरेस पालनपोषण, पॅलस बुद्धी आणि डावपेच, जुनो लग्नातली बांधिलकी, वेस्टा एकाग्र निष्ठा.

मी बरीच वर्षं या पद्धतीने कुंडल्या पाहतो आहे आणि कायरॉनच्या राशीला फार महत्त्व देत नाही. त्याची प्रदक्षिणा सुमारे ५० वर्षांची, शिवाय कक्षा लांबट. मेषेत तो सात-आठ वर्षं रेंगाळतो. म्हणजे तुमच्या वर्गातल्या सगळ्यांचा कायरॉन मेषेतच! तुमचं स्वतःचं ते घर. सातव्यातला कायरॉन जोडीदाराच्या नात्यात 'मी कमी पडतो' ही जुनी सल दाखवतो, असं मानतात. पन्नाशीच्या आसपास तो जन्मवेळच्या आपल्या जागी परततो, तेव्हा हाच विषय पुन्हा वर येतो म्हणतात.

पण घर जन्मवेळेवर ठरतं. अर्ध्या तासाच्या चुकीने कुंडलीतलं लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश, साधारण सात अंश सरकतं, तेव्हा वेळ रुग्णालयाच्या नोंदीवरून तपासा. आणि हे अर्थ आपल्या निरयन पत्रिकेत घालू नका. तिथे सुमारे २४ अंशांच्या फरकाने हाच कायरॉन मीनेत किंवा मेषेच्या अगदी सुरुवातीला येईल.