आत्याचा उच्चीचा शुक्र, माझा नीचीचा

"बाबा, आजी म्हणते माझी शुक्राची महादशा लागली, आता 20 वर्षं नुसतं सुख. पण आत्याचीही हीच दशा होती ना? मग तिचं दुकान का बुडालं?"

प्रिय चिऊ,

लातूरच्या क्लासच्या धबडग्यात तुला हे सुचलं, याचं मला मस्कतमध्ये बसून कौतुक वाटलं. आजी म्हणते ते अर्धंच खरं आहे. 20 वर्षं हा आकडा सगळ्यांना सारखा. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्यावरून पहिली दशा ठरते, आणि पुढच्या दशा ठरलेल्या क्रमाने येतात. केतूची 7 वर्षं संपली की शुक्राची 20 येतात. पण त्या 20 वर्षांत काय मिळणार हे नुसत्या शुक्रावर ठरत नाही. तो कुठल्या घरांचा मालक आहे, बसलाय कुठल्या घरात आणि कुठल्या राशीत, हे तिन्ही बघावं लागतं.

परभणीच्या घरी देवघरातल्या पत्र्याच्या पेटीत आत्याची आणि माझी पत्रिका एकाच फडक्यात बांधलेली आहे. कडांना हळद लागलेली. सुट्टीत गेलीस की दोन्ही शेजारी ठेव. आधी एक काळजी घे: घरात लिहिलेला आकडा राशीचा असतो, घराचा नसतो. वरचं मधलं घर पहिलं, आणि तिथून डावीकडे मोजत जायचं. आत्याच्या पत्रिकेत 'शु' 12 आकड्याजवळ आहे. तो पाहून मी लहानपणी 'बाराव्यातला शुक्र' म्हणालो होतो आणि गुरुजी हसले होते. 12 म्हणजे मीन रास. आत्याचं सिंह लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला सिंह रास उगवत होती, म्हणून वरच्या घरात 5. तिथून मोजलं की मीन येते आठव्या घरात.

मीन ही शुक्राची उच्च रास. म्हणून आजीने तेव्हा गल्लीभर सांगितलं होतं, "लेकीचा शुक्र उच्चीचा हाय, राज करंल." रास चांगली आहे यात वाद नाही. आत्याच्या हातातली कला बघ: तिने शिवलेल्या ब्लाउजच्या फिटिंगची अजून बायका आठवण काढतात. पण शुक्राच्या दोन राशी, वृषभ आणि तूळ. सिंह लग्नाला तूळ तिसरी येते आणि वृषभ दहावी, म्हणजे धंद्याची. धंद्याचा मालक आठव्यात जाऊन बसला. आठवं घर अडथळ्यांचं, कर्जाचं, अचानक घडणाऱ्या गोष्टींचं आणि वारशाचंही. राशीमुळे ग्रहाला बळ येतं, पण ते बळ कुठे लागणार हे घर ठरवतं.

तिची ही दशा 17 ते 37 अशी चालली. मंगळाच्या अंतर्दशेत, म्हणजे त्या 20 वर्षांतल्या मंगळाच्या छोट्या वाट्यात, 24 व्या वर्षाच्या आसपास, तिने फॉल-पिकोचं मशीन घेऊन मॅचिंग सेंटर टाकलं. सिंह लग्नाला मंगळ चांगला मानतात आणि दुकान चाललंही. गुरूच्या अंतर्दशेत सासरकडून प्लॉटचा वाटा आला. गुरू तिच्या आठव्या घराचाच मालक. मग शनीची 3 वर्षं 2 महिने आली. सिंहेला शनी सहाव्याचा आणि सातव्याचा मालक, म्हणजे कर्ज आणि भागीदारी. उधारी थकली, भागीदार बाजूला झाली, आणि शेवटी तोच प्लॉट विकून देणी फेडावी लागली. म्हणजे शुक्राने दिलं, पण आठव्याच्या वाटेने दिलं आणि त्याच वाटेने नेलं.

आता माझी बघ. वरच्या घरात 10, मकर लग्न. शुक्र 6 आकड्याजवळ, कन्येत, म्हणजे नीच राशीत. मी 20-21 चा असताना एका गुरुजींनी मान हलवली, "नीचीचा शुक्र, 20 वर्षं ओढग्रस्त." तुझ्या आजीने मला दर शुक्रवारी तांदूळ आणि पांढरं कापड दान करायला लावलं. पण त्यांनी फक्त रास पाहिली होती. मकर लग्नाला वृषभ येते पाचव्या घरात आणि तूळ दहाव्या. एकाच ग्रहाकडे एक त्रिकोणाचं घर, इथे पाचवं, आणि एक केंद्राचं, इथे दहावं, आलं की तो योगकारक, म्हणजे खास चांगली फळं देणारा, होतो. बसलाय नवव्यात, भाग्यस्थानी. शिवाय कन्येचा मालक बुध माझ्या पत्रिकेत तुळेत, दहाव्या घरात आहे. दोघांनी एकमेकांची घरं घेतली आहेत. नीच राशीचा मालक केंद्रात असला की नीचभंग धरतात.

नीचभंग म्हणजे नीचत्व पुसलं गेलं असं मात्र नाही. पहिली काही वर्षं माझा पगार कधीच वेळेवर झाला नाही. नवव्या घरात दूरदेश आहे, तसेच वडीलही आहेत. राहूच्या अंतर्दशेत, 29 व्या वर्षी, मी इकडे आलो आणि आजोबांचा सहवास सुटला.

यातलं एक ठिकाण कच्चं आहे, तेही सांगतो. माझा जन्म भाऊबीजेच्या दुपारचा. आजीला वेळ विचारली तर ती म्हणते, "मनमाडकडची गाडी गेली अन् तू झालास." गाडी त्या दिवशी वेळेवर होती का, ते कोण सांगणार! एक तास इकडेतिकडे झाला तर चंद्र पुढे सरकतो, आणि बुधाच्या नक्षत्रावर जन्मलेल्या माणसाची दशा सुमारे 8 महिने हलते. लग्नरास बदलली तर घरांची मालकी सगळीच उलटते. मकरेऐवजी धनू धरली तर माझा शुक्र सहाव्याचा आणि अकराव्याचा मालक होतो, आणि वरची सगळी कहाणी बाद. हे शास्त्र प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं नाही, आणि आम्हीही घडून गेल्यावरच जुळवतो, एवढं लक्षात ठेव.

तुझी वेळ दवाखान्याच्या कागदावर आहे, पहाटे साडेतीन. मिथुन लग्न. शुक्र पाचव्याचा आणि बाराव्याचा मालक, बसलाय तिसऱ्यात, सिंहेत. सिंह ही रवीची रास, आणि रवी शुक्राचा शत्रू. पाचवं शिक्षणाचं, बारावं घराबाहेर राहण्याचं आणि खर्चाचं, तिसरं स्वतःच्या मेहनतीचं. हॉस्टेल, फी आणि रात्रीची जागरणं यात सगळं आलं. आयतं सुख तिथे मला दिसत नाही. पहिली 3 वर्षं 4 महिने शुक्रातच शुक्र आहे, तेव्हा हेच चालेल.

आजीला 'शुक्र' म्हटलं की लग्न आठवतं आणि ती स्थळं बघायला लागेल. तिला तिच्याच भाषेत सांग: मिथुन लग्नाला सातव्याचा मालक गुरू, आणि शुक्रात गुरूची अंतर्दशा यायला अजून 10 वर्षं 2 महिने आहेत.

तुझा,
बाबा