फेअर लॉकचे पैसे कधी द्यावेत?

प्रश्न: पुणे–दिल्ली चार तिकिटं काढायची आहेत, तीन आठवड्यांनी. नवऱ्याची रजा अजून मंजूर नाही. साइटवर माणशी 500 रुपयांत 48 तास भाडं 'लॉक' करा असं दिसतंय. घ्यावं का, की पैसे पाण्यात?

उत्तर:

रजेचं उत्तर नक्की कधी मिळणार, ते आधी साहेबांकडून काढून घ्यायला सांगा. सगळं त्यावर आहे.

उद्यापर्यंत कळणार असेल तर लॉक घेऊ नका, सरळ तिकिटंच काढा. विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएच्या नियमात 'लुक-इन' नावाची सोय आहे. 2025 मधल्या नियमाप्रमाणे, उड्डाणाला किमान सात दिवस असतील, तर तिकीट काढल्यापासून 24 तासांत रद्द केल्यास रद्द करण्याचं शुल्क लागत नव्हतं. त्यासाठी तिकीट विमानकंपनीच्याच साइटवर काढा. मधल्या एजंटाकडे काढलं की त्याचं स्वतःचं शुल्क मध्ये येतं. नोव्हेंबर 2025 मध्ये डीजीसीएने ही मुदत 48 तास करण्याचा प्रस्ताव मांडला होता, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या दिवशी लागू असलेली मुदत वाचून घ्या. तिथे 48 तास दिसले, तर तुम्हाला विकलं जाणारं 48 तासांचं लॉक म्हणजे फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे 2000 रुपये. एक अडचण मात्र आहे: तिकिटाची पूर्ण रक्कम आधी भरावी लागते आणि परत यायला काही दिवस जातात. कार्डाची मर्यादा तोकडी असेल तर हा मार्ग जड जातो.

रजेचं चार-पाच दिवसांनी कळणार असेल तरीही लॉक नको, कारण मुदत आधीच संपेल. उरतो तो मधला तुकडा: लुक-इन संपल्यावर, पण लॉक संपण्याआधी कळणार असेल तर. तेव्हाच हिशेब करायचा.

समजा आजचं भाडं माणशी 6800 आहे आणि रजा मिळण्याची शक्यता निम्मी. लॉकचे 500 तर गेलेच, तुम्ही जा किंवा जाऊ नका. बहुतेक ठिकाणी ते तिकिटाच्या रकमेतून वजाही होत नाहीत. भाडं वाढल्याचा तोटा मात्र रजा मिळाली तरच होणार. म्हणून दोन दिवसांत भाडं माणशी हजाराहून जास्त चढेल असं वाटत असेल, तरच 500 देणं परवडतं. जाणं पक्कं असेल तर लॉकचा विचारच नको, तिकीट काढून मोकळ्या व्हा.

आता हजाराने चढेल का, हे कसं ओळखायचं? मी एक साधी युक्ती वापरते. विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावाच्या गठ्ठ्यांत विकल्या जातात. स्वस्त गठ्ठा संपला की पुढचा महाग गठ्ठा उघडतो. तीच फ्लाइट आधी एका प्रवाशासाठी शोधा, मग चार, मग नऊ प्रवाशांसाठी. नऊ जणांनाही माणशी 6800 च दिसलं तर त्या भावात अजून बऱ्याच जागा आहेत, थांबायला हरकत नाही. पाच जणांना शोधल्यावर भाव एकदम 8100 झाला, तर स्वस्त जागा नेमक्या चारच उरल्यात. एखाद्या कुटुंबाने रात्री तिकिटं काढली की तुमचा भाव गेला. अशा वेळी मी लॉक घेते. अर्थात कंपनी गठ्ठा कधीही बंद करू शकते, ही खात्री नव्हे, अंदाज आहे.

आणखी एक. लॉक कोण देतंय ते बघा. एअर इंडियाने 2024 मध्ये ही सोय आणली तेव्हा देशांतर्गत प्रवासाला 500 रुपये, 48 तास, आणि उड्डाणाला किमान दहा दिवस हवेत अशी अट होती. म्हणजे जिथे हे लॉक मिळतं तिथे लुक-इनही मिळतंच. विमानकंपनी लॉक देते तेव्हा ती भाड्याबरोबर जागाही धरून ठेवते. बुकिंगच्या ॲपवरचं 'प्राइस लॉक' मात्र अनेकदा फक्त भावातल्या फरकाची हमी असते, तीही मर्यादेपर्यंत. मी एकदा आईवडिलांच्या तिकिटांसाठी ते घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी भाडं माणशी 3100 ने वाढलेलं, आणि अटींत बारीक अक्षरात लिहिलेलं की ॲप 2000 पर्यंतच भरणार. उरलेले 1100 मीच भरले, दोनदा. तेव्हा 'कमाल किती' हा आकडा सापडेपर्यंत पैसे भरू नका.

घेतलंच तर मुदतीच्या दोन तास आधीचा गजर लावा. शेवटच्या दहा मिनिटांत ओटीपी आला नाही की लॉकही गेलं आणि 2000 ही गेले.