रेकॉर्डिंगमध्ये मागची कुजबुज आणि टाळ्या कमी करायच्यात पण बोलणाऱ्याचा आवाज बिघडायला नको, ऑडॅसिटीत काय करू?

Noise Reduction ला हात लावू नका. ते पंख्याची घरघर, एसीचा आवाज अशा एकसारख्या आवाजासाठी आहे. कुजबुज म्हणजे माणसांचाच आवाज, तो वक्त्याच्या आवाजाच्याच पट्ट्यात बसतो, आणि टाळ्या तर जिथे श, स, फ असतात तिथपर्यंत पसरतात, मग ते काढायला गेलं की सोबत अक्षरंही जातात.

बाबांच्या सेवापूर्तीचं भाषण दादाने तिसऱ्या रांगेतून मोबाईलवर घेतलेलं, एकूण 22 मिनिटं. मी सुरुवातीच्या गलक्याचा नमुना देऊन 24 dB लावलं आणि घरी सगळ्यांना ऐकवलं. बाबा भावुक झाले की वाक्याच्या शेवटी आवाज खाली जातो, ते शेवटचे शब्दच गायब, उरलेलं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं. आई म्हणाली, "हा यांचा आवाज नाही." दादाला मात्र ते आवडलं, कुजबुज गेली ना, झालं. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

नशीब मूळ फाईल होती. दुसऱ्यांदा सगळं हाताने केलं, दोन रात्री गेल्या. Envelope Tool घेऊन फक्त दोन वाक्यांमधल्या जागा साधारण 10 dB खाली घेतल्या, उतार पाव सेकंदाचा, एकदम कापायचं नाही. शून्यावर तर अजिबात नेऊ नका, कारण मग बाबा बोलायला लागले की कुजबुज येते आणि थांबले की जाते, कान तिकडेच लागतो. थोडा गलका सतत राहिला तर दोन मिनिटांत विसरायला होतं. टाळ्यांचा पहिला एखादा सेकंद ठेवला, मग 12 dB ने उतरवत नेल्या.

एका ठिकाणी बाबा टाळ्या चालू असतानाच बोलायला लागतात, "माझ्या पहिल्या वर्गातली पोरं आज इथे बसलीत". दादा म्हणे तिथल्या टाळ्या काढ. नाही निघत, आणि काढूही नयेत, त्या त्याच पोरांच्या आहेत. तिथे फक्त EQ मध्ये 2 ते 3 kHz ला 2-3 dB वाढवलं, शब्द कळायला लागले.

कॉम्प्रेसर लावायचाच असेल तर हे सगळं झाल्यावर आणि हलका, नाहीतर तो दबलेली कुजबुज परत वर ओढतो.

आणि हो, खाली पंखाही घरघरत असेल तर Noise Reduction चालेल, पण नमुना कुणी बोलत नसतानाचा घ्या आणि 6 dB च्या वर जाऊ नका. तिथे Residue निवडून ऐका, काढलेल्या आवाजात वक्त्याचे शब्द ऐकू आले तर जास्त झालंय. वक्त्यापेक्षा शेजारचे काकाच मोठ्याने ऐकू येत असतील तर मात्र यातल्या कशानेही भागणार नाही, मांडववाल्याकडे मिक्सरचं रेकॉर्डिंग आहे का ते आधी विचारा. आम्ही विचारलं तेव्हा त्याने ते पुसून टाकलेलं होतं.